बिनपगारी रजा आणि घराचा हप्ता : बँकेकडे कधी जायचं आणि काय मागायचं

माझी मावसबहीण पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. बाळंतपणाच्या पगारी रजेनंतर आणखी सहा महिने बिनपगारी घ्यायचे, हे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ठरवलं आणि मला फोन केला. मी पंधरा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, म्हणून. तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, बँकेला आत्ताच सांगितलं तर ते घाबरून कर्जच परत मागणार नाहीत ना?"

ही भीती मी काउंटरच्या पलीकडे बसून शेकडो चेहऱ्यांवर पाहिली आहे. हिच्यापायीच लोक हप्ता चुकेपर्यंत गप्प बसतात. हप्ते वेळेवर जात आहेत तोवर रजेवर जाणार म्हणून कोणी कर्ज परत मागत नाही. उलट खातं स्वच्छ असताना आलेल्या माणसाला देण्यासारख्या चार गोष्टी बँकेकडे असतात. दोन हप्ते थकल्यावर आलेल्याला त्यातली एखादीच उरते. तेव्हा बहिणीनं जे जे केलं ते इथे क्रमानं मांडते. आकडे तिचे आहेत, तुम्ही त्या जागी आपले घाला.

पहिली पायरी : रिकामे हप्ते तारखेनं मोजा

कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. बहिणीची रजा १६ जूनला सुरू झाली, म्हणजे पगार १४ डिसेंबरपर्यंत. त्यापुढे सहा महिने बिनपगारी, आणि १५ जूनला परत कामावर.

"सहा महिन्यांचे सहा हप्ते," असं ती म्हणाली. मी तिला कॅलेंडर घेऊन बसायला सांगितलं. पगार महिनाअखेर जमा होतो आणि हप्ता ५ तारखेला जातो. डिसेंबरचा पगार अर्धाच येणार, त्यामुळे ५ जानेवारीचा हप्ताच तंगीत. मग फेब्रुवारी ते जून हे पाच हप्ते पूर्ण रिकामे. पुढे खरी मेख आहे. बऱ्याच कंपन्यांत पगाराची यादी महिन्याच्या मध्यावर बंद होते. १५ जूनला रुजू झालेल्या माणसाचा अर्ध्या महिन्याचा पगार जुलैच्या पगारासोबत येऊ शकतो. म्हणजे ५ जुलैचा हप्ताही रिकामा. तिनं एचआरला विचारलं, तर तसंच निघालं. सहाचे सात झाले. हा सातवा हप्ता अनेकांच्या हिशेबात नसतो, आणि नेमका तोच चुकतो, कारण "आता कामावर गेले, संपलं" असं वाटून लक्ष उडालेलं असतं.

दुसरी पायरी : हप्ता नाही, खड्डा मोजा

बहिणीचं कर्ज ३२ लाख बाकी, व्याज ८.५ टक्के, फ्लोटिंग म्हणजे वेळोवेळी बदलणारं, मुदत १५ वर्षं उरलेली. हप्ता ३१,५१२ रुपये. नवऱ्याच्या हातात ५८,००० येतात. बाळाचा खर्च धरून घर ३८,००० मध्ये चालेल असं दोघांनी काढलं. हे काढताना मागच्या सहा महिन्यांची खात्याची नोंद समोर ठेवा, अंदाजानं काढू नका. अंदाज नेहमी कमीच निघतो.

म्हणजे हप्त्यासाठी २०,००० उरतात आणि दर महिन्याला ११,५१२ कमी पडतात. सात महिन्यांचे साधारण ८०,६००. एवढा खड्डा भरायचा आहे. बँकेत जाऊन "मला हप्ता झेपणार नाही" म्हणणं वेगळं आणि "जानेवारी ते जुलै महिन्याला साडेअकरा हजार कमी पडतात, ऑगस्टपासून पूर्ववत" म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्याला उत्तर मिळतं.

पगारी रजेचे सहा महिने हाच साठवणीचा काळ. तिला दवाखान्याचा खर्च जाऊन महिन्याला ८,००० बाजूला टाकता आले. ४८,००० झाले. अजून ३२,००० च्या वर खड्डा होताच.

इथे एक चूक होता होता राहिली, आणि ती फार जण करतात. तिच्या सासऱ्यांनी दोन लाख देऊ केले होते आणि "आधीच कर्जात भरून टाक, पुढचे हप्ते सुटतील" असा सल्ला दिला होता. हेतू चांगला, पण कर्ज तसं चालत नाही. मधेच भरलेली रक्कम मुद्दलातून वजा होते, पुढच्या महिन्याचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. तिचे दोन लाख कर्जात गेले असते आणि मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला असता, तरी हप्ता उतरला असता महिन्याला १,९७० रुपयांनी. तेच दोन लाख बचत खात्यात असते तर सहा पूर्ण हप्ते गेले असते. रजेच्या आधी रोकड कर्जात गुंतवू नका. अपवाद एकच : तुमचं गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं असेल, जिथे जादा ठेवलेले पैसे केव्हाही काढता येतात, तर तिथे ठेवा. व्याजही वाचतं आणि पैसे हाताशी राहतात.

बहिणीनं ते दोन लाख घेतले नाहीत. सासऱ्यांच्या म्हातारपणाची ती पुंजी होती, आणि मला तिचा निर्णय पटला.

तिसरी पायरी : काय मागायचं ते आधी ठरवा

बँकेकडे मागण्यासारख्या चार गोष्टी असतात. प्रत्येकीची किंमत वेगळी.

पहिली, हप्ते काही महिने पूर्ण थांबवणं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट असं सगळ्यांना मिळालं होतं, म्हणून लोकांना तेच आठवतं. ती साथीच्या काळातली खास सोय होती. बाळंतपणासाठी किंवा नोकरीतल्या खंडासाठी हप्ते थांबवून मिळण्याचा हक्क आपल्याकडे कुठल्याही नियमात नाही, देणं न देणं बँकेच्या मर्जीवर. शिवाय हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. बहिणीचे सहा हप्ते थांबले असते तर १,३८,००० च्या वर व्याज मुद्दलात चढलं असतं. मग हप्ता तोच ठेवला तर राहिलेले हप्ते १८० चे जवळपास १९७ झाले असते. सहा टाळले, बदल्यात सतरा जास्त. पाच लाखांच्या वर रक्कम होते ती.

दुसरी, काही महिने फक्त व्याज भरणं. तिचं व्याज महिन्याला २२,६६७ होतं. म्हणजे हप्त्यातून ८,८४५ सुटले असते, मुद्दल जागेवर राहिलं असतं आणि कर्ज सहा महिनेच पुढे गेलं असतं. मला विचाराल तर थोड्या काळासाठी ही सगळ्यात प्रामाणिक सोय आहे. पण सगळ्या बँका देत नाहीत.

तिसरी, मुदत वाढवून हप्ता उतरवणं. याला एक तळ असतो, तो समजून घ्या. व्याजच २२,६६७ असेल तर मुदत कितीही ताणा, हप्ता त्याच्या खाली जाणार नाही. १५ ची २० वर्षं केली तर हप्ता २७,७७०, २५ केली तर २५,७६७. पहिल्या पाच वर्षांनी ३,७४२ वाचले, पुढच्या पाच वर्षांनी जेमतेम २,०००. निवृत्तीच्या वयाची मर्यादाही आड येते.

चौथी लोक मागायचंच विसरतात, ती म्हणजे व्याजदर. फ्लोटिंग कर्ज जुनं असेल तर नव्या ग्राहकाला तीच बँक कमी दरानं देत असण्याची शक्यता बरीच असते. ठरावीक शुल्क भरून जुना दर बदलून मिळतो. यात तुम्ही अडचण सांगून सवलत मागत नाही, चालू दर मागता. बँकेत जाण्याआधी तिच्या संकेतस्थळावर आजचा दर बघून कागदावर लिहून न्या.

चौथी पायरी : दोन-तीन महिने आधी, योग्य टेबलावर

ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करून हे होत नाही. तिथला मुलगा तक्रार क्रमांक देतो आणि विषय तिथेच राहतो. तुमची फाइल ज्या शाखेत किंवा गृहकर्ज केंद्रात आहे तिथल्या कर्ज अधिकाऱ्याची वेळ घ्या. बहीण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली. बाळ दोन महिन्यांचं, म्हणून नवरा सोबत. तो सहकर्जदार आहे, त्यामुळे त्याची सही लागणारच होती.

सोबत रजा मंजूर झाल्याचं पत्र न्यायचं, आणि त्यावर रुजू होण्याची तारीख हवीच. ती तारीख तुमचा सगळ्यात मोठा आधार, कारण उत्पन्न बंद पडत नाहीये, काही काळ थांबतंय, हे त्या कागदावरून दिसतं. नवऱ्याच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं खात्याचं विवरण, आणि एक पानाचा अर्ज. मी तिला असा लिहून दिला होता :

"महोदय, माझ्या गृहकर्ज खात्याचे सर्व हप्ते आजपर्यंत वेळेवर भरले आहेत. मी १५ डिसेंबर ते १४ जून या काळात बिनपगारी रजेवर असेन. रजा मंजुरीचे पत्र जोडले आहे. जानेवारी ते जुलै या सात हप्त्यांत घरखर्च वजा जाता दरमहा २०,००० रुपये भरणे शक्य आहे, साठवलेल्या रकमेतून आणखी सुमारे ६,८०० रुपये भरता येतील. त्याप्रमाणे हप्ता बसेल असा उपाय सुचवावा. व्याजदर चालू दराप्रमाणे बदलून मिळण्याचीही विनंती आहे. कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची नोंद क्रेडिट अहवालात पुनर्रचना म्हणून होईल का, हे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. आर्थिक अडचणीमुळे कर्जाच्या अटी सैल केल्या तर बँका त्याला पुनर्रचना म्हणतात. ते क्रेडिट अहवालात उमटलं की पुढे कर्ज मागताना प्रत्येक बँक त्यावर बोट ठेवते. काही वेळा पुनर्रचना हाच योग्य मार्ग असतो आणि घ्यावाही, पण तो डोळे उघडे ठेवून. तोंडी "काही होत नाही मॅडम" यावर विसंबू नका. माझ्याच ओळखीच्या एका बाईंना एका संस्थेत असंच तोंडी सांगितलं गेलं होतं, आणि दोन वर्षांनी वाहन कर्ज नाकारलं गेलं तेव्हा ती नोंद त्यांना कळली.

अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या किंवा तोच अर्ज ईमेलनंही पाठवा.

बँकेनं काय दिलं

अधिकाऱ्यानं फक्त व्याज भरण्याची सोय नाही म्हणून सांगितलं. पण दर ८.५ चा ८ टक्के करून द्यायला तो तयार झाला. १५ वर्षांनाच हप्ता ३०,५८१ झाला असता, म्हणजे हजारच्या आत फरक, खड्डा भरत नव्हता. तेव्हा दर बदलतानाच मुदत २० वर्षं करण्याचा पर्याय त्यानं दिला. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार फ्लोटिंग कर्जाचा दर बदलतो तेव्हा हप्ता बदलायचा, मुदत बदलायची की दोन्ही, यात कर्जदाराला निवड द्यायची असते. त्याचा आधार मिळाला. नवा हप्ता २६,७६६. पुनर्रचना म्हणून नोंद होणार नाही, असं ईमेलवर उत्तर आलं, तेव्हाच तिनं सही केली.

आता खड्डा महिन्याला ६,७६६. सात महिन्यांचे ४७,३६२. हातात ४८,००० होते. बसलं.

हे तिच्या बँकेत झालं. तुमच्याकडे नाही म्हणू शकतात. तसं झालं तर मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, किंवा थोड्या काळापुरतं सोनं तारण ठेवा. परतफेडीचे पैसे ऑगस्टच्या पगारापासून कुठून येणार ते लिहून काढा आणि मगच घ्या. क्रेडिट कार्डावर घरखर्च टाकून हप्त्यासाठी रोकड वाचवण्याचा मोह होतो, पण किमान रक्कम भरत राहिलात तर उरलेल्यावर महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे व्याज चढतं. गृहकर्ज वाचवायला त्यापेक्षा महाग कर्ज घेऊ नका.

पाचवी पायरी : खातं आणि मँडेट

हप्ता बहिणीच्या पगाराच्या खात्यातून जात होता. पगार बंद झाला की काही महिन्यांनी, बऱ्याच बँकांत तीन, ते खातं साधं बचत खातं होतं आणि अनेक बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते. ती नसली की शुल्क कापलं जातं, आणि हप्त्यासाठी मोजून ठेवलेल्या पैशांत तीनशे रुपये कमी पडले म्हणून अख्खा हप्ता परत जातो. हे मी कितीदा पाहिलंय! एकतर हप्त्याच्या वर पाच हजार जादा ठेवा किंवा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, नवऱ्याच्या खात्यावर घ्या. नवं मँडेट नोंदायला वेळ लागतो, म्हणून पुढचा एक हप्ता जुन्या खात्यातूनच जाईल असं धरून तिथेही पैसे ठेवा. दोन्हीकडून कापले गेले तर दुसऱ्याच दिवशी कळवा.

पगारदार पतसंस्थेचं कर्ज असेल तर तेही पाहा. तो हप्ता कंपनी पगारातून कापते, त्यामुळे आपण तो भरतो हेच विसरायला होतं. पगार नाही म्हणजे कपात नाही, आणि थकबाकी मात्र सुरू. तिथे तुमचे जामीनदार शेजारच्या टेबलावर बसलेले असतात, आणि वसुली त्यांच्या पगारावर येऊ शकते. रजेवर जाण्याआधी संस्थेत जाऊन दरमहा रोख किंवा ऑनलाइन भरण्याची व्यवस्था करा.

एखादा हप्ता चुकलाच तर

मँडेट परत गेलं की तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघीही शुल्क लावतात. त्याच दिवशी ऑनलाइन भरून टाका आणि पावती ठेवा. खात्यात पैसे नसल्यानं मँडेट परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून ते वारंवार होऊ देऊ नका. उशिराबद्दल दंड लागतो, पण तो शुल्क म्हणून वेगळा दाखवायचा असतो. मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. विवरणात तसं दिसलं तर लेखी विचारा.

दिवस मोजा. ३० दिवसांपर्यंत, मग ६० पर्यंत, मग ९० पर्यंत अशा बँकेच्या पायऱ्या असतात. ९० दिवसांच्या पुढे थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्याआधी एक हप्ता जरी भरलात तरी घड्याळ मागे जातं, कारण सगळ्यात जुनी थकबाकी आधी फिटते. एनपीए झाल्यावर मात्र थकलेली सगळी रक्कम भरल्याशिवाय खातं पूर्ववत होत नाही. उशिराची नोंद सहकर्जदाराच्या अहवालातही जाते, हे नवऱ्यालाही सांगून ठेवा.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला परवानगी नाही. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटण्यासारखं आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फुकट. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. पोच घेतलेला अर्ज तेव्हा कामी येतो.

रुजू झाल्यावर

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी. कमी हप्त्याची सवय दोन महिन्यांत लागते. बहिणीनं २६,७६६ चा हप्ता २० वर्षं चालू ठेवला, तर त्याच ८ टक्के दरानं १५ वर्षांत फेडण्यापेक्षा नऊ लाखांहून जास्त भरावे लागतील. तेच ऑगस्टपासून हप्ता पुन्हा ३१,५१२ केला, तर दर उतरल्यामुळे कर्ज मूळ तारखेच्याही सातेक महिने आधी संपतं. फ्लोटिंग गृहकर्जात जादा भरण्यावर दंड नाही.

म्हणून सप्टेंबरच्या त्याच भेटीत तिनं अधिकाऱ्याकडून हप्ता वाढवण्याचा अर्ज मागून घेतला, भरला, सही केली आणि तारखेची जागा कोरी ठेवून कर्जाच्या फाइलमध्ये लावला. जुलैअखेर पहिला पूर्ण पगार आला, त्याच दुपारी तारीख घालून तो शाखेत दिला. त्याच आठवड्यात तिनं आणि नवऱ्यानं आपापला क्रेडिट अहवाल मागवला. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. सातही हप्त्यांपुढे उशीर शून्य दिवस, आणि पुनर्रचनेचा कुठे उल्लेख नाही. त्या पानाचा फोटो तिनं मला पाठवला, कोपऱ्यात बाळाचा हात दिसत होता.